भाडेकरूने पाळावयाचे नियम

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी स्वतः सांगते. लोक सांगतील म्हणून वाट बघत बसण्याचा माझा स्वभाव नाही. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मी चौदा वर्षं शिकवलं, आणि फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिला तो मीच. त्याच अक्षराने माझं घर गेलं. कसं गेलं ते ऐका, म्हणजे तुमचं तरी राहील.

घर म्हणजे मंगळवार पेठेत मीरासाब मोमीन यांच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली मीरासाबांचं बिऱ्हाड आणि पुस्तकबांधणीचा कारखाना. कारखाना म्हणायचा तो त्यांनीच, आम्हांला दिसायचं एक दाबयंत्र, दोन सुऱ्या आणि खळीचं पातेलं. १९५० च्या जूनमध्ये मी त्या खोल्या घेतल्या, बावीस रुपये भाड्याने, माझ्या एकटीच्या नावावर. त्याआधी अकरा वर्षं मी अप्पाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या घरी होते. अप्पा वाईट नव्हता, वहिनीही नव्हती. पण एकदा मी शाळेच्या मुलींचा फोटो लावायला खिळा आणि हातोडी घेतली तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, भिंतीला खिळे नका हं मारू, चुना पडतो." मी हातोडी ठेवून दिली. फोटो माडी मिळेपर्यंत ट्रंकेत राहिला.

मीरासाबांच्या माडीवर गेले त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर खिळा मारला. चुना पडला, पडू दे. भाडं मी भरत होते.

त्रेपन्न साली माझी बदली जयसिंगपूरला झाली, मुलींच्या नव्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून, दोन वर्षांसाठी. शाळेने राहायला खोली दिली, भाडं पगारातून कापून. आता कोल्हापूरच्या घराचं काय करायचं? सोडलं तर बावीस रुपयांत परत मिळायची आशा नव्हती. बावीसला तेव्हा एक खोलीही कोणी देईना. कुलूप लावून दोन्ही भाडी सोसायची तर जिवावर येत होतं, आणि मला तर ते घर हवंच होतं. दोन वर्षांनी परत यायचं ते माझ्या घरी, अप्पाच्या मागच्या खोलीत नाही, एवढं माझं पक्कं होतं.

तेवढ्यात सयाजी भेटला. इचलकरंजीच्या एका सुताच्या व्यापाऱ्याकडे मुनीम, कोल्हापुरात वसुलीला ठेवलेला, बायको लीला आणि दोन पोरं. माणूस गोड बोलणारा. "बाईसाब, दोन वर्सं निस्तं घर राखतो. तुमी म्हनाल त्या दिवशी गाठोडं बांधतो की!" तीस रुपये महिना ठरले. वरचे आठ रुपये मला मिळणार होते. हे आठ रुपये मी त्या वेळी हुशारी समजले.

मीरासाबांना विचारायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? मग विचारलंच नाही. "लीला माझी मावसबहीण आहे," म्हणून सांगितलं, "घर राखायला येतेय." मीरासाब सुरी पुसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मावसभन? बरं हाय की." एवढंच. मी जिना चढून वर गेले आणि स्वतःवर खूश झाले.

आता माझी चूक ऐका. दुसऱ्या कोणाची झाली नसती, मास्तरणीचीच व्हायची. वर्ग दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देताना फळ्याशेजारी नियम लावून जायचे, ही माझी पद्धत. घर सयाजीच्या ताब्यात देताना हात आपोआप कागदाकडे गेला. पांढरा जाड कागद, बोरूचं टोक ताजं कापलेलं, वर ठळक मथळा: भाडेकरूने पाळावयाचे नियम. पहिला, जिन्यात चपला काढाव्यात. दुसरा, भिंत खरवडू नये. तिसरा, भिंतीस खिळा मारू नये. चौथा मोरीचा. पाचवा, भाडे रुपये तीस, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जयसिंगपूर येथे मनिऑर्डरने पाठवावे. खाली तारीख, आणि सही: विमला हुपरीकर. सही नसलेला कागद मला उघडा वाटतो.

कागद दारामागच्या भिंतीवर लावायला खळ हवी होती. ती मी खाली जाऊन मीरासाबांच्या बायकोकडून, सुलतानबींकडून, वाटीभर मागून आणली. "कायको चिपकाती?" त्यांनी विचारलं. "असंच, एक कागद," मी म्हणाले. ज्या मालकापासून लपवायचं, त्याच्याच खळीने मी ते चिकटवलं! यावर हसायचं असेल तर हसा. मी आता हसते.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मी मीरासाबांना दरमहा बावीस रुपये माझ्या नावाने पाठवत होते, पावती माझ्या नावाची येत होती. मार्चपासून सयाजीची मनिऑर्डर बंद झाली. मी पत्र टाकलं, उत्तर नाही. तरी मालकाचे बावीस मला भरावेच लागले, कारण मालकाच्या वहीत भाडेकरू मी. चौपन्नच्या मे महिन्यात पावसाआधी कौलं फिरवायला मीरासाब दोन गडी घेऊन वर चढले. आढ्याखालून बघायला घरात आले, दार लोटलं, आणि दारामागे मी उभी होते म्हणायची, पाच नियमांत.

जूनमध्ये जयसिंगपूरला रजिस्टर नोटीस आली. माझ्या भाडेकरारीचा महिनाअखेर शेवट करण्यात येत आहे. मी मालकाच्या संमतीवाचून सयाजी यांस जागा पोटभाड्याने दिली आहे. दारामागे माझ्या सहीचे नियम लावलेले आहेत. जागेचा कब्जा द्यावा. मी नोटीस घेऊन दत्तोपंत वकिलांकडे गेले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकलेल्या. मी ताठ बसले आणि म्हणाले, "मी सयाजीला काढते. मग प्रश्न मिटला."

"कसा काढता?" दत्तोपंतांनी चष्मा कपाळावर नेला.

"निघ म्हणते."

"आणि नाही निघाला तर? त्याला काढायला कोर्टात गेलात तर पहिलं वाक्य तुम्हांला काय लिहावं लागेल? की मी पोटभाडेकरू ठेवला. मीरासाबांचं काम तुम्हीच करून द्याल. आणि विमलाबाई, तो गेला तरी झालेलं पुसत नाही. सत्तेचाळीसच्या भाडे कायद्याखाली पोटभाडेकरू ठेवायलाच मनाई आहे. संस्थान विलीन झाल्यापासून तो कायदा आपल्यालाही लागू आहे. मालकाला एरवी भाडेकरू काढता येत नाही, पण या कारणाने येतो. वर तुम्ही बावीसच्या जागेचे तीस घेतले. जज्जाला हे आवडायचं नाही."

"बदलीच्या गावी गेले होते मी. घर कायमचं सोडलं नव्हतं."

"अहो, मग कुलूप लावून जायचं. सुटीत येऊन राहायचं. बदलीचं कारण कोर्टाने ऐकलं असतं. नाहीतर मीरासाबांना विचारून त्यांचं संमतीचं एक पत्र घ्यायचं, म्हणजे आज त्यांना तक्रारीला तोंड राहिलं नसतं. तुम्ही किल्ली दिलीत, अख्खी जागा दिलीत, भाडं घेतलंत." त्यांनी नोटीस पुन्हा वाचली. "मावसबहीण म्हणालात, ते ठीक आहे. नातेवाईक घर राखायला ठेवणं म्हणजे पोटभाडं नव्हे. सिद्ध त्यांना करायचं आहे. तोंडी पुरावा मी पाहून घेतो. पण त्या दारामागे खरंच काही आहे का?"

मी होय म्हणाले. दत्तोपंतांनी नोटिशीची घडी घातली. "कागद कोर्टात आला नाही," ते म्हणाले, "तर त्याचं नुसतं वर्णन राहील." मला तेवढं पुरेसं होतं.

त्या रविवारी सकाळच्या गाडीने मी कोल्हापूरला आले आणि थेट माडीवर. सयाजी सुपारी कातरत बसला होता. मी त्याच्याशी न बोलता दार लोटलं, नखाने कागदाचा कोपरा धरला. सुटेना. स्वयंपाकघरातली सुरी घेतली. पुस्तकबांधणीची खळ ती. पन्नास वर्षं पुस्तकाचं पान धरून ठेवते, माझा कागद काय सोडणार? कोपऱ्याचा बोटभर टवका निघाला आणि चुना पडला.

"राहू द्या की बाईसाब," सयाजी बसल्या जागेवरून म्हणाला. "भित खराब हुतीया. दोन नंबरचा नियम हाय न्हवं?"

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. "तुम्ही घर सोडा," मी म्हणाले. "आजच्या आज. चार महिन्यांचं भाडं थकलंय तुमचं."

"कुनाचं भाडं?" तो उठला. आवाजातला गोडवा गेला होता. "मी आता मीरासाबांस्नी इचारलंय. कोर्टात काय खरं ते सांगतो म्हनलो. तुमी गेलासा की मी त्येंचा भाडेकरू. बावीस रुपयं. आठ रुपयं तुमच्या मढ्यावर कशाला घालू?"

दाराशी लीला उभी होती, माझी मावसबहीण. तिने मान खाली घातली.

त्यानंतर चार दिवसांनी मीरासाब ओलं फडकं घेऊन वर गेले, सयाजीने दार उघडं धरलं, आणि त्यांनी तो कागद अख्खा काढला. फाटला नाही, शाई फुटली नाही. चाळीस वर्षं जुन्या पुस्तकांची पुठ्ठ्याला चिकटलेली पानं सोडवलेला हात तो. मी सुरीने गेले होते.

दावा लागला. प्रतिवादी नंबर एक मी, नंबर दोन सयाजी. सयाजीने आपल्या कैफियतीत सगळं कबूल केलं: मी पोटभाडेकरू, महिना तीस रुपये देतो, बाईंचं नातं नाही. दत्तोपंत मात्र शांत होते. "त्याची कबुली त्याला बांधते, तुम्हांला नाही. तुम्हांला बांधेल तर तो कागद. आणि कागदाला अक्षर सिद्ध करावं लागतं."

पंचावन्नच्या मार्चमध्ये सुनावणी झाली. मीरासाबांनी साक्ष दिली, थोडी आणि नेमकी. मग त्यांच्या वकिलांनी अक्षर ओळखायला साक्षीदार बोलावली, आणि मी खुर्चीत सरसावून बसले. नजीरा. मीरासाबांची मुलगी. पाचवी ते सातवी माझ्या हाताखाली होती, आता ट्रेनिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सहावीत एकदा तिने गृहपाठ केला नसताना केला म्हणून सांगितलं होतं, आणि मी पट्टीने तिच्या हातावर दोन दिल्या होत्या. "काम केलं नाही तर मी रागावेन," म्हणाले होते, "पण खोटं बोललीस तर शिकवणार नाही." त्यानंतर ती कधी खोटं बोलली नाही.

वकिलांनी पिंजऱ्यात तिच्यापुढे कागद धरला. "हे अक्षर कोणाचं?"

"बाईंचं," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

दत्तोपंत उलटतपासणीला उठले. गोड आवाजात विचारलं, "नजीरा, तू बाईंकडे शिकलीस. तुझं अक्षर बाईंसारखंच असेल ना?"

"व्हय... हो."

"तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींचं?"

"हो. बाईंनी तसंच वळण लावलं."

"म्हणजे हा कागद तुमच्यापैकी कोणीही लिहिला असेल. तूसुद्धा. घर तुझ्या वडलांचं, दावा तुझ्या वडलांचा. बाईंचं अक्षर गिरवायला तुला किती वेळ लागेल?"

कोर्टात कोणीतरी हसलं. नजीरा दत्तोपंतांकडे वळली. मग कोल्हापुरी भाषेत, जी मी तीन वर्षं तिच्या तोंडून घालवली होती, ती म्हणाली, "म्या लिवलेला न्हाय. म्या खोटं बोलत न्हाय." आणि रडायला लागली.

दत्तोपंत खाली बसले, समाधानाने. काम झालं होतं. दुपारी माझी साक्ष. जेवणाच्या सुटीत त्यांनी मला आवारातल्या झाडाखाली नेऊन समजावलं: "कागद दाखवतील. अक्षर माझ्यासारखं दिसतं, पण मी लिहिल्याचं आठवत नाही, एवढंच म्हणा. पुढचं मी बघतो. घर राहील, विमलाबाई."

घर राहील. मला माडी दिसली, खिळा दिसला, त्यावरचा मुलींचा फोटो दिसला. फोटोत दुसऱ्या रांगेत नजीरा होती. दोन वेण्या, डोळे बारीक करून उन्हात बघणारी. मी डबा उघडला नाही.

दुपारी मी पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ घेतली. मीरासाबांच्या वकिलांनी कागद माझ्यापुढे धरला. कोपऱ्याचा टवका गेलेला, बाकी जसाच्या तसा. वर्षभर दारामागे राहूनही शाई काळीभोर.

"हे अक्षर तुमचं का?"

दत्तोपंत खोकले.

"माझं," मी म्हणाले. "आणि सहीही माझी. ती मुलगी खरं सांगत होती."

जज्जांनी लेखणी उचलली. "मग मावसबहीण?"

"नाही. खोटं सांगितलं होतं. महिना तीस रुपये घेत होते."

दत्तोपंतांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मागच्या बाकावर नजीरा बसली होती, आणि आता ती माझ्याकडे बघत होती. मला त्या क्षणी भीती वाटली नाही. नंतर वाटली, रात्रभर वाटली. पण त्या क्षणी नाही.

एप्रिलात हुकूमनामा झाला. कब्जा मीरासाबांना, दाव्याचा खर्च माझ्याकडून, जूनअखेर जागा रिकामी करायची, दोन्ही प्रतिवादींनी. सयाजी हुकूम ऐकून उठला तो सरळ मीरासाबांकडे गेला. "मग मालक, पावती माझ्या नावानं..."

"कसली पावती?" मीरासाब म्हणाले. "बाईंचं भाडं बुडवलंस त्ये माझं फेडशील व्हय? तिच्या हाताखाली होतास तवर होतास. ती गेली, तू बी गेलास. हुकूम वाच की."

मला त्यात समाधान वाटलं, हे मी नाकारत नाही. पण सयाजीचं गाठोडं आणि माझी ट्रंक एकाच आठवड्यात त्या जिन्यावरून उतरली, हेही खरं. ट्रंक अप्पाच्या मागच्या खोलीत गेली. वहिनीने चहा केला आणि खिळ्यांचं काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

जुलैच्या सुरुवातीला मीरासाब अप्पाच्या घरी आले. मी दारात गेले तर हातात जाड पांढरा कागद आणि खळीची झाकलेली वाटी. "बाई, वाईच काम हुतं," ते म्हणाले. बसले. "तुमी इचारलं असतं तर म्या न्हाय म्हनलो असतो व्हय? सुलतानबीला तवाच कळलं हुतं, मावसभनीशी तुमी परक्यावानी बोलत हुतासा. वरीसभर म्या वाट बघितली, बाई येतील, सांगतील. तुमी मावशी, मावसभन लावलासा."

मी त्यांच्या हातातला कागद घेतला. "काम काय?" मी विचारलं.

"त्यो नियमांचा कागद कोर्टात अडकलाय. लई झ्याक हुता. दुसरा लिवून द्या. माडी भाड्यानं देतोय."

"कोणाला?"

त्यांनी दाराकडे बघितलं. नजीरा बाहेर उभी होती, छत्री मिटून. ट्रेनिंग संपलं होतं, तिला शाळेत नोकरी लागली होती. माझ्याच जुन्या शाळेत. "लगीन करायचं न्हाय म्हनती एवढ्यात," मीरासाब म्हणाले. "आमच्यासंगं बी ऱ्हायचं न्हाय. म्हनती, भाडं देते, खोल्या माझ्या नावावर पायजेत. लेकीला भाड्यानं ठिवायचं! पर म्हनलं, मग कायद्यानं. नियम पायजेत."

मी बोरू कापला. कागद छान होता, माझ्या आवडीचा. मला भरून आलं, आणि मी ते भरून येऊ दिलं. डोळे पुसून मग लिहायला घेतलं, शाईवर पाणी पडू नये म्हणून. जिन्यात चपला काढाव्यात. भिंत खरवडू नये. मोरीचा नियम. भाडे बावीस रुपये, पाच तारखेच्या आत. शेवटी एक नवा: मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत दुसऱ्या कोणास ठेवू नये, ठेवल्यास घर जाते.

"सही करा," मीरासाब म्हणाले.

"सही तुमची. घर तुमचं आहे."

नजीराने पुढे होऊन कागद वाचला. बोट ठेवून, मी शिकवलं होतं तसा, एकेक ओळ. मग मान वर केली.

"बाई, यात खिळ्याचा नियम राहिला. आधीच्या कागदात तिसरा होता."

"राहिला नाही," मी म्हणाले. "गाळलाय."